कुयरी चिरण्याआधी तेल

फणसाचा चीक पाण्याने निघत नाही, हे कोकणातल्या स्वयंपाकघराला वेगळं सांगावं लागत नाही. चिकात रबरासारखे आणि राळेसारखे पदार्थ असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, तेलात मात्र सैल होतात. म्हणून चिकट हात आधी नळाखाली धरला, तर चीक घट्ट होऊन बोटांना अधिकच चिकटतो. खोबरेल तेल लावायचं ते चिरण्याआधी: दोन्ही तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत, विळीच्या किंवा सुरीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी आणि पाटालाही. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं बरं.

पण चिरायचं काय, हे आधी बाजारातच ठरतं. भाजीसाठी हवी ती कुयरी, म्हणजे अगदी कोवळा फणस. कोकणात ती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळते. तिचे काटे टोकदार, एकमेकांना लागून आणि गर्द हिरवे असतात. फणस जून होत जातो तसे ते पसरट आणि विरळ होतात, हिरव्यात पिवळसर झाक येते. थापटी मारली तर कच्च्या फणसाचा आवाज भरीव येतो, पिकत आलेल्याचा पोकळ.

खरी परीक्षा पातं आत गेल्यावर होते. आठळी सहज कापली गेली आणि गर पांढरा असला, तर आठळीसकट सगळ्याची भाजी होते. पात्याला आठळीचं कडक साल लागलं, तर कुयरीची वेळ निघून गेली. मात्र असा फणस वाया जात नाही. त्याचे गरे सुटे करून भाजी करावी किंवा तळावेत आणि आठळ्या सोलून घालाव्यात. गरे पिवळे, गोडसर लागू लागले असतील, तर तिखट भाजीचा नाद सोडावा.

समजा, दीड किलोची कुयरी घरी आणली. आधी देठाचं टोक कापून ती देठ खाली करून थोडा वेळ ठेवायची, म्हणजे बराच चीक गळून जातो. तो कागदानेच टिपायचा. मग आडव्या जाड चकत्या करून काटेरी साल काढायची. मधल्या दांड्यात चीक बराच असतो, तोही काढून टाकायचा. पातं ओढायला जड लागलं की चीक जमला समजावं. तेव्हा ते कागदाने पुसून पुन्हा तेल लावायचं. चिरलेले तुकडे हवेत काळे पडतात, म्हणून हळद घातलेल्या पाण्यात टाकत जावं.

एवढीही खटपट नको असेल, तर तेल लावलेल्या सुरीने सालासकट मोठे तुकडे करून कुकरमध्ये वाफवावेत. उष्णतेने चीक गोठतो, तुकडे निवल्यावर साल सहज निघते आणि गर हाताने ठेचता येतो. काळ्या वाटाण्यांच्या भाजीला तो तसाच लागतो.

काम झाल्यावर हात आणि पातं आधी तेलाच्या बोळ्याने पुसावं, साबण त्यानंतर. लोखंडी विळी लगेच कोरडी करावी, नाहीतर तिला गंज चढतो.