लादीचा आकार, सांध्याची रुंदी आणि द्रव्यांचे परिमाण

भिंतीवर लाद्या बसविताना दोन द्रव्ये लागतात. एक, लादी पाठीकडून धरून ठेवणारे आसंजक, ज्यास बाजारात टाइल-अ‍ॅडेसिव्ह म्हणतात. आणि दुसरे, दोन लाद्यांमधील सांधे भरणारे ग्राउट. दर चौरस मीटरास ही द्रव्ये किती लागतील, याचा अंदाज पुष्कळदा लादीचा आकार पाहून एकाच दमात केला जातो, आणि लादी बदलली की दोन्ही आकडे एकाच प्रमाणात कमीअधिक केले जातात. वस्तुतः लादी मोठी होऊ लागली म्हणजे ग्राउट घटते व आसंजक वाढते. सांध्याच्या रुंदीचा तर आसंजकाशी जवळजवळ संबंधच नाही. असे का होते, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रथम ग्राउट घेऊ. प्रत्येक लादीस चार बाजू असतात. परंतु प्रत्येक सांधा दोन लाद्यांमध्ये सामाईक असल्यामुळे लादीच्या वाट्यास परिमितीच्या निम्मीच लांबी येते, म्हणजे लांबी अधिक रुंदी. या लांबीस सांध्याच्या रुंदीने व खोलीने गुणले की एका लादीमागे भरावयाची पोकळी मिळते. तीस लादीच्या क्षेत्रफळाने भागले असता दर चौरस मीटराचे परिमाण निघते. लांबी ल, रुंदी र, सांध्याची रुंदी स व खोली ख ही सर्व मिलिमीटरांत घेतल्यास

ग्राउट (लिटर प्रति चौरस मीटर) = (ल + र) ÷ (ल × र) × स × ख

असे सूत्र होते. उत्तर आपोआप लिटरांत येते, कारण एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक लिटर. या उत्तरास सामान्यतः १.६ ने गुणतात, आणि मग कोरड्या सिमेंटयुक्त भुकटीचे किलोग्रॅम मिळतात.

हे सूत्र किंचित उदार आहे. चार लाद्यांच्या कोपऱ्यांत सांधे एकमेकांस छेदतात, आणि सांध्यांनीही क्षेत्र व्यापलेले असते. या दोन्ही गोष्टी सूत्रात धरलेल्या नाहीत. ६०० मिलिमीटरांच्या चौरस लादीत ३ मिलिमीटरांचा सांधा ठेवल्यास होणारी चूक एक टक्क्याहूनही कमी असते. उलट २५ मिलिमीटरांच्या मोझेइकमध्ये २ मिलिमीटरांचा सांधा असता सूत्र सांध्यांचे क्षेत्र १६ टक्के सांगते, तर प्रत्यक्षात ते १४.३ टक्केच असते. दुसरी उदारता खोलीची आहे. हिशेबात लादीची पूर्ण जाडी धरतात. पण लादी दाबताना थोडे आसंजक सांध्यात वर येतेच. ते ओले असतानाच खरवडून काढले नाही तर ग्राउट कमी लागते खरे, परंतु सांध्यातील ग्राउटचा थर पातळ राहतो आणि त्याचा रंगही ठिपक्याठिपक्यांनी वेगळा दिसतो. ही बचत टाळण्यासारखीच आहे.

आसंजकाचा हिशेब निराळ्या तत्त्वावर चालतो. ते सांध्यांत भरावयाचे नसून संपूर्ण भिंतीवर पसरावयाचे असते, आणि त्याचा थर दातेरी थापीने ठरतो. थापी ओढली की शेतातील सरी-वरंब्याप्रमाणे आकार उमटतात. दाते व खाचा समान रुंदीच्या असल्यास वरंबे दबून होणारा सलग थर वरंब्याच्या उंचीच्या निम्मा होतो. थापी मात्र उभी धरीत नाहीत. ६० अंशांच्या कोनात धरली तर १० मिलिमीटरांच्या खाचेतून सुमारे ८.७ मिलिमीटरांचा वरंबा व ४.३ मिलिमीटरांचा थर मिळतो. ६ मिलिमीटरांच्या खाचेचा थर त्याच कोनात २.६ मिलिमीटर होतो. दर लिटर ओल्या मिश्रणास सुमारे १.३ किलोग्रॅम भुकटी धरल्यास ही परिमाणे अनुक्रमे ५.६ व ३.४ किलोग्रॅम प्रति चौरस मीटर येतात.

येथे लादीचा आकार येतो तो खाचेच्या निवडीतून. लांब लादीची वक्रता मिलिमीटरांत अधिक असते, आणि तिच्या पाठीमागील हवेस बाहेर पडण्यास अंतरही अधिक असते. म्हणून तिला उंच वरंबे लागतात. त्यामुळे ग्राउटचे परिमाण आकाराबरोबर सलग बदलते, तर आसंजकाचे पायरीपायरीने.

एक उदाहरण घेऊ. स्नानगृहाच्या २० चौरस मीटर भिंतींसाठी ३०० × ६०० मिलिमीटरांची, ९ मिलिमीटर जाडीची लादी व ३ मिलिमीटरांचा सांधा योजिला आहे. सूत्राने ग्राउट ०.१३५ लिटर, म्हणजे ०.२१६ किलोग्रॅम प्रति चौरस मीटर, एकूण ४.३ किलोग्रॅम. १० मिलिमीटरांच्या खाचेने आसंजक ११२ किलोग्रॅम, म्हणजे २० किलोग्रॅमची सहा पोती. आयत्या वेळी घरमालकाने ७५ × १५० मिलिमीटरांची, ८ मिलिमीटर जाडीची लहान लादी पसंत केली आणि सांधा २ मिलिमीटरांवर आणला. सांधा अरुंद झाला, तेव्हा ग्राउट कमी लागेल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात ते ०.५१२ किलोग्रॅम प्रति चौरस मीटर होते, एकूण १०.२ किलोग्रॅम, पहिल्याच्या दुपटीहून अधिक. आसंजक मात्र ६ मिलिमीटरांच्या खाचेने ६८ किलोग्रॅमवर येते व चार पोती पुरतात. नासाडीसाठी दहा टक्के वाढ याहून वेगळी धरावी.

पहिल्या योजनेत थापीचा कोन ६० ऐवजी ४५ अंश झाला तर थर ३.५ मिलिमीटरांवर येतो आणि एकूण खप ९२ किलोग्रॅम होतो. एका पोत्याचा फरक निव्वळ गवंड्याच्या मनगटाचा! भिंतीच्या सपाटीचा परिणाम तर याहूनही मोठा असतो. गिलाव्यात सरासरी एक मिलिमीटराचा खोलगटपणा असेल तर २० चौरस मीटरांत २० लिटर, म्हणजे २६ किलोग्रॅम भुकटी तेथेच जिरते. म्हणून दोन मीटरांची सरळ पट्टी भिंतीस लावून पाहिल्याशिवाय कोणत्याही कोष्टकातील आकडा प्रमाण मानू नये, आणि असे खळगे आसंजकाने न भरता आधी गिलाव्यानेच भरून घ्यावेत.

तुटवडा पडला की जे उपाय होतात त्यांनी काम बिघडते. ग्राउट पुरवण्यासाठी त्यात पाणी वाढविले तर सांधा वाळल्यावर फिकट दिसतो आणि नखाने खरवडला असता भुकटी सुटते. मागाहून दुसऱ्या घाण्याचे पाकीट आणले तर छटा जुळत नाही. आसंजक कमी पडले की गवंडी लहान खाचेची थापी घेतो, किंवा पाठीवर पाच गोळे थापून लादी दाबतो. तेव्हा लादी बसते, परंतु गोळ्यांच्या मधली जागा रिकामी राहते. अमेरिकेतील एएनएसआय ए१०८ या मानकमालेत लादीच्या पाठीशी आसंजकाचा स्पर्श कोरड्या जागी किमान ८० टक्के व ओल्या जागी ९५ टक्के अपेक्षिलेला आहे. गोळ्यांनी त्याच्या जवळपासही पोचता येत नाही.

हा दोष ओळखण्याची खात्रीची वेळ म्हणजे आसंजक ओले असतानाची. नुकतीच बसविलेली एखादी लादी उचलून तिची पाठ पाहावी. वरंबे जसेच्या तसे उमटलेले दिसले व मधल्या सऱ्या कोऱ्या असल्या, तर खाच लहान आहे किंवा दाब अपुरा आहे. अशा वेळी लादी वरंब्यांना आडवी सरकवून दाबावी. तरीही सऱ्या भरल्या नाहीत तर मोठ्या खाचेची थापी घ्यावी आणि परिमाणाचा आकडा त्याच ठिकाणी दुरुस्त करावा. आसंजक घट्ट झाल्यावर लाकडी मुठीने ठोकून पोकळ आवाज ऐकता येतो. परंतु तोवर ती लादी फोडल्यावाचून निघत नाही.