सोळाच्या पाढ्यावर चालणारी कात्री

आमच्या गावच्या वाचनालयाचा एक जुना गटफोटो आहे. तीन रांगांत उभी-बसलेली माणसं, आणि खाली पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईत सगळ्यांची नावं. मूळ कागद पावसाळ्यात भिजून गेला; राहिली ती स्कॅन केलेली एकच जेपेग फाइल. घरोघरी तिच्यातून आपापला माणूस कापून घेतला गेला. एकाने कडा कापली, दुसऱ्याने ती कापलेली प्रत घेऊन आणखी कापली, तिसऱ्याने उजेड वाढवला. माझ्याकडे लेखासाठी आलेल्या प्रतीत ‘शंकर’चा ‘शकर’ झाला होता. अनुस्वार पुसला गेला नव्हता, तो आजूबाजूच्या करड्या ठिपक्यांत विरघळला होता. शिरोरेघेच्या वर-खालीही तशाच ठिपक्यांची मळी साचली होती.

फोटो कापणं म्हणजे नको असलेला भाग काढून टाकणं. मग जो भाग ठेवला, तो का बिघडावा? या प्रश्नाचं उत्तर शोधताना जेपेगच्या पोटात शिरावं लागलं.

१९९२ साली मंजूर झालेल्या या पद्धतीत चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या ब्लॉकमध्ये विभागलं जातं. प्रत्येक ब्लॉकमधल्या ६४ पिक्सेलचं रूपांतर ६४ आकड्यांत होतं. पहिला आकडा ब्लॉकचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे आकडे त्यातले हळुवार ते अगदी बारीक चढउतार सांगतात. हे गणित बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलं. इथपर्यंत नुकसान जवळजवळ नाहीच. नुकसान होतं ते पुढच्या पायरीवर. प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या भाजकाने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्णांकाला आणून ठेवायचं. सेव्ह करताना आपण ‘क्वालिटी’ची जी पट्टी सरकवतो, ती हे भाजक लहान-मोठे करते.

एकच आकडा घेऊन पाहू. मूळ चित्रात तो ४३ आहे आणि भाजक १२. भागाकार साडेतीनच्या थोडा वर, म्हणून फाइलमध्ये ४ लिहिला जातो. फाइल उघडताना ४ गुणिले १२, म्हणजे ४८ मिळतात. ४३ चे ४८ झाले, पाचाची चूक. आता कुणी हे चित्र उघडून, चांगल्या दर्जाच्या हौसेने, क्वालिटी वाढवून सेव्ह केलं आणि भाजक १० झाला. ४८ भागिले १० म्हणजे ४.८, त्याचे झाले ५, उघडल्यावर ५०. चूक सातावर गेली. मूळ ४३ वर थेट १० चा भाजक लावला असता तर ४० आले असते, चूक फक्त तिनाची. दर वेळी चूक वाढतेच असं नाही, कधी योगायोगाने घटतेही. पण एकदा गेलेले ४३ परत आणण्याचं बळ कुठल्याच क्वालिटीत नाही. फाइल मात्र फुगते, आणि जड फाइल म्हणजे चांगली फाइल या समजाने माणूस फसतो.

याच हिशेबात एक दिलासाही आहे. ४८ ला पुन्हा १२ नेच भागलं तर बरोबर ४ येतात. म्हणजे भाजक तेच राहिले आणि ब्लॉकच्या रेघा जुन्याच जागी राहिल्या, तर पुन्हा सेव्ह करण्यात फारसं काही जात नाही. पिक्सेल पूर्णांकात आणताना जो किरकोळ फरक पडतो तेवढाच. गिंपमध्ये सेव्ह करताना मूळ चित्राचीच क्वालिटी वापरण्याचा पर्याय आहे, तो यासाठी कामी येतो.

पण कापणं नेमकं या दुसऱ्या अटीवर घाव घालतं. डावीकडून ११ पिक्सेल कापले, तर नव्या चित्राचे ब्लॉक जुन्या ब्लॉकशी जुळत नाहीत. जुन्या ब्लॉकची कड नव्या ब्लॉकच्या मधोमध कुठेतरी येते. पहिल्या खेपेला त्या कडेवर उजेडाची जी बारीकशी पायरी उमटली होती, तिला नवा ब्लॉक चित्रातलाच तपशील समजतो आणि आपले आकडे तिच्यावर खर्च करतो. ६४ च्या ६४ आकडे नव्याने निघतात आणि नव्याने पूर्णांकात कोंबले जातात. पांढऱ्यावर काळं अक्षर असलं की याचा फटका सर्वांत आधी दिसतो. चित्र ४०० टक्के मोठं करून अक्षराभोवतीचा पांढरा कागद पाहावा. तिथे करडे ठिपके दिसले, आणि आठ-आठ पिक्सेलच्या रेघांचे दोन संच एकमेकांवर सरकलेले दिसले, तर मधल्या कुणीतरी कापून सेव्ह केलं आहे असं समजावं.

मग आकडे उलगडायचेच नाहीत, ब्लॉक जसेच्या तसे उचलून नव्या फाइलमध्ये ठेवायचे, असं करता येईल का? येतं. jpegtran हा जुना, मोफत प्रोग्राम तेच करतो. इरफानव्ह्यूमध्येही प्लगइन घातलं की ही सोय मिळते. अट एकच: कापाचा वरचा-डावा कोपरा ब्लॉकच्या रेघेवर पडला पाहिजे. आणि ही रेघ बहुतेक फोटोंत ८ वर नसते, १६ वर असते. आपला डोळा उजेडापेक्षा रंगात ढिला, म्हणून रंग दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाव्याने साठवतात. रंगाचा एक ब्लॉक १६ बाय १६ पिक्सेल झाकतो. आपल्या फाइलमध्ये काय आहे ते इमेजमॅजिकला विचारता येतं:

```
identify -format "%[jpeg:sampling-factor]\n" mool.jpg
```

उत्तर 2x2 ने सुरू झालं तर पाढा सोळाचा. 1x1 असेल तर आठाचा.

सुदैवाने वाचनालयाच्या त्या फोटोचा पहिला स्कॅन एका पेटीतल्या सीडीवर सापडला, ४००० बाय ३००० पिक्सेलचा, 2x2 वाला. मला नावांची पट्टी हवी होती: डावीकडून १००३, वरून २११७ पिक्सेलवर सुरू होणारी, १६०० रुंद आणि २२० उंच.

```
jpegtran -copy none -crop 1600x220+1003+2117 -outfile patti.jpg mool.jpg
```

१००३ सोळाच्या पाढ्यात नाही. त्याच्या अलीकडचा आकडा ९९२. २११७ च्या अलीकडचा २११२. प्रोग्राम काही न बोलता कोपरा तिथे सरकवतो आणि उजवी-खालची कड जागची हलवत नाही. म्हणून हाती आलेली पट्टी १६११ बाय २२५ ची होती. डावीकडे ११ आणि वर ५ पिक्सेल जास्त. उजव्या आणि खालच्या बाजूला पाढ्याची सक्ती नाही, कारण अर्धवट ब्लॉक पूर्ण साठवून त्यातला जादा भाग न दाखवणं जेपेगला मुळातच जमतं. माझ्या पट्टीत उजवीकडे असे ५ स्तंभ फाइलमध्ये आहेत, पण दिसत नाहीत. कुणाचा चेहरा लपवण्यासाठी कापत असाल तर हे ध्यानात ठेवावं. त्याहून मोठा धोका फोटोला चिकटलेल्या माहितीतल्या छोट्या प्रतिमेचा: ती माहिती तशीच पुढे गेली तर न कापलेलं चित्र तिच्यात शिल्लक राहू शकतं. -copy none लिहिलं ते म्हणूनच.

मोबाइलच्या उभ्या फोटोंत आणखी एक गोम आहे. पुष्कळदा फोटो आडवाच साठवलेला असतो आणि दाखवताना फिरवला जातो, त्यामुळे आपल्याला दिसणारा वरचा-डावा कोपरा फाइलचा नसतो. आकडे साठवलेल्या चित्राचे द्यायचे. आणि -copy none ने ती फिरवण्याची खूणही जाते, हे लक्षात घ्यायचं.

तिरका फोटो दोन अंशांनी सरळ करणं, लहान करणं, उजेड वाढवणं यांपैकी काहीही करायचं असेल तर हा मार्ग बंद. तिथे पिक्सेल बदलावेच लागतात. अशा वेळी मी मूळ फाइलवरून सगळी कामं एकाच बैठकीत करते, मधल्या प्रती पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवते आणि जेपेग शेवटी एकदाच करते.

पट्टी तयार झाल्यावर तिची मूळ स्कॅनशी पिक्सेलवार तुलना केली. डाव्या आणि वरच्या कडेला रंगात किंचित फरक आला, कारण उलगडताना रंग शेजारच्या पिक्सेलांवरून पसरवला जातो आणि तिथला शेजार आता कापला गेला होता. बाकी सगळं तंतोतंत. दुसऱ्या रांगेतल्या डावीकडून चौथ्या नावावर, शिरोरेघेच्या वर, अनुस्वाराचं गोल काळं टिंब स्वच्छ दिसत होतं.