डॅशकॅमची रात्रपाळी आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी

लायटरच्या सॉकेटमध्ये पिन खोचून लावलेला डॅशकॅम बहुतेक गाड्यांमध्ये किल्ली काढली की बंद पडतो. गाडीला ओरखडे मात्र नेमके त्यानंतरच पडतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी रिव्हर्स घेताना बंपर घासून जाते, रस्त्याकडेला लावलेल्या गाडीचा आरसा मोडतो, आणि सकाळी विचारायला कोणी नसतं. म्हणून लोक हार्डवायर किट बसवून घेतात. कॅमेऱ्याची वायर थेट फ्यूजबॉक्समधून घ्यायची, म्हणजे गाडी बंद असतानाही तो पार्किंग मोडमध्ये पाहत राहतो. आणि मग एखाद्या सोमवारी सेल्फ मारला की नुसतं टक-टक ऐकू येतं.

असं झालं की दोष किटवर जातो, नाहीतर बॅटरीवर. बऱ्याचदा दोन्ही ठीक असतात. चुकलेला असतो तो हिशेब, कारण बसवताना तो कोणी केलेलाच नसतो.

गाडीची साधी लेड-ॲसिड बॅटरी इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली असते. सेल्फला क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून ते भरून घ्यायचे, हे तिचं काम. तासन्‌तास थोडा थोडा करंट देत अर्ध्याच्या खाली जाणं तिला मानवत नाही. ती वारंवार रिकामी झाली, किंवा अर्धवट भरलेल्या अवस्थेत बरेच दिवस राहिली, तर प्लेट्सवर सल्फेटचे कठीण खडे जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. तिची अवस्था व्होल्टेजवरून ढोबळमानाने कळते. काही तास बंद राहिलेल्या गाडीत मीटर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल, तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी आणि १२ म्हणजे पाव. ११.८ ला ती जवळजवळ संपलेली असते. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फसवा, वरचढ येतो, म्हणून मोजायचं ते सकाळी, गाडी सुरू करण्याआधी.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्यातली पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. कोथरूडहून ऑफिसला जायला पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस. पुढे-मागे दोन कॅमेऱ्यांचा संच पार्किंग मोडमध्ये ०.३ अँपिअर घेतो असं धरू. शिवाय गाडीचं लॉक, अलार्म, घड्याळ वगैरेंचा स्वतःचा किरकोळ वापर ०.०३ अँपिअर. दिवसाचे २३ तास गाडी उभी असते, म्हणजे रोज साधारण साडेसात अँपिअर-तास खर्च. ३५ मधला हा पाचवा भाग झाला.

जमेची बाजू पाहा. दिवसभरात इंजिन चालतं पन्नास मिनिटं, तेही सिग्नलला थांबत, एसी आणि दिवे चालू ठेवून. बरीचशी भरलेली लेड-ॲसिड बॅटरी भराभर चार्ज घेत नाही. जसजशी ती भरत जाते तसतसा करंट आखडतो. सरासरी सहा अँपिअर मिळाले असं उदारपणे धरलं, तरी पन्नास मिनिटांत पाच अँपिअर-तास होतात. म्हणजे रोज अडीचची तूट. बॅटरी जितकी रिकामी, तितका चार्ज ती जास्त ओढते, त्यामुळे ही तूट पुढे कमी होत जाते आणि बॅटरी कुठेतरी अर्ध्याच्या आसपास स्थिरावते. गाडी रोज सुरू होत असते, म्हणून कोणाला शंका येत नाही. मग एक रविवार गाडी हलत नाही. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, ३६-३७ तासांत आणखी बारा अँपिअर-तास जातात. टक-टक होते ती तेव्हा.

हार्डवायर किटमध्ये लो-व्होल्टेज कटऑफ असतो, तो यासाठीच. बॅटरीचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली गेलं की किट कॅमेऱ्याचा पुरवठा तोडतं. पण हा आकडा निवडावा लागतो. अनेक किटमध्ये ११.८, १२, १२.२ आणि १२.४ असे पर्याय असतात. बसवणारा बरेचदा डब्यातून निघालेलं सेटिंग तसंच ठेवतो किंवा ‘रेकॉर्डिंग जास्त वेळ मिळेल’ म्हणून सगळ्यात खालचं निवडतो. वरचा हिशेब पाहिला तर ११.८ चा अर्थ लक्षात येतो: बॅटरी संपल्यावर कॅमेरा बंद करा. छोट्या बॅटरीच्या गाडीत १२.२ च्या खाली जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बॅटरी तीनेक वर्षं जुनी असेल तर १२.४ ठेवावं. वर खाली मोजमापातला फरकही धरायला हवा. लांब वायर आणि चालू लोड यांमुळे किटला बॅटरीच्या टर्मिनलवरच्यापेक्षा व्होल्टेज थोडं कमी दिसतं. त्यात नुकसान नाही, कॅमेरा जरा लवकर बंद होईल इतकंच.

अलीकडच्या काही गाड्यांत एक अडचण येते. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर अल्टरनेटरला आवर घालतो आणि बॅटरी मुद्दामच पूर्ण भरत नाही. अशा गाडीत १२.४ ठेवलं तर कॅमेरा तासा-दोन तासांतच बंद पडलेला दिसेल. तिथे १२.२ ठेवून जोडीला टायमर लावणं जास्त उपयोगाचं.

टायमरची सोय किटमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये असते, आणि मला ती कटऑफइतकीच महत्त्वाची वाटते. कटऑफ बॅटरी अर्धी झाल्यावर जागा होतो, टायमर ती अर्धी होऊच देत नाही. आपल्या उदाहरणातली गाडी दिवसा ऑफिसच्या आवारात असते, तिथे गेटवर माणूस आहे. तिथला पार्किंग मोड बंद केला आणि रात्री आठ तासांचा टायमर लावला, तर खर्च साडेसातवरून तीनवर येतो. पाचची जमा पुरून उरते.

पार्किंग मोडचे प्रकारही सारखे नसतात. सेकंदाला एखादीच फ्रेम टिपणारा टाइम-लॅप्स आणि हालचाल दिसली की क्लिप जपणारा मोड, दोन्हींत कॅमेरा जागा असतो, त्यामुळे करंट लागतोच. तिसऱ्या प्रकारात कॅमेरा झोपतो आणि धक्का बसला की उठतो. त्याचा झोपेतला वापर कितीतरी कमी, पण उठायला काही सेकंद जातात. धक्का देणारी गाडी तोवर वळलेली असू शकते आणि नंबरप्लेट मिळत नाही. गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर मी पहिले दोन प्रकार आणि कमी तास घेईन. बंद गॅरेजसाठी तिसरा पुरे.

आता बसवण्याकडे येऊ. किटला सहसा तीन वायरी असतात. पिवळी कायम चालू असलेल्या पुरवठ्यासाठी, लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या, म्हणजे एसीसीच्या पुरवठ्यासाठी आणि काळी अर्थिंगसाठी. रंग बदलू शकतात, लेबल वाचून घ्यावं. लाल वायरीवरूनच कॅमेऱ्याला कळतं की गाडी चालू आहे की उभी. लाल आणि पिवळी दोन्ही कायम चालू फ्यूजवर गेल्या, तर कॅमेऱ्याला गाडी सतत चालूच वाटते. तो पार्किंग मोडमध्ये जातच नाही आणि रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करून जास्त करंट खातो. उलट दोन्ही एसीसीवर गेल्या किंवा आपसात बदलल्या, तर किल्ली काढताच तो बंद होतो.

योग्य फ्यूज शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. काळी पिन बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा आणि लाल पिन फ्यूजच्या डोक्यावर दिसणाऱ्या दोन बारीक धातूच्या ठिपक्यांना. किल्ली काढलेली असताना १२ व्होल्ट दिसले तर तो कायम चालू. पण इथे घाई नको. काही सर्किट्स गाडी लॉक केल्यावर वीस-तीस मिनिटांनी झोपी जातात, म्हणून तेवढा वेळ थांबून परत बघायचं. एअरबॅग, एबीएस, इंजिन कॉम्प्युटर आणि फ्यूएल पंपाच्या फ्यूजना हात लावायचा नाही. लायटर सॉकेट, वायपर, केबिनचा दिवा असे साधे फ्यूज निवडा.

वायर सोलून फ्यूजच्या पायाला गुंडाळणारे लोक अजून आहेत. तसं करू देऊ नका. त्यासाठी फ्यूज टॅप मिळतो. मूळ फ्यूज काढून त्याच्या जागी टॅप बसतो. त्यावर दोन फ्यूज असतात, एक मूळ सर्किटचा आणि एक आपल्या वायरीचा. कॅमेऱ्याला २ किंवा ३ अँपिअरचा पुरतो, १०-१५ चा घालू नये. टॅप उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून ही चूक लपून राहते. पण मग आपला करंट मूळ फ्यूजमधूनही वाहतो. ती ओळखायची अशी: टॅपमध्ये फक्त आपला नवा फ्यूज घाला, मूळ फ्यूजची जागा रिकामी ठेवा. टॅपच्या वायरीला १२ व्होल्ट मिळाले तर दिशा बरोबर. नाही मिळाले तर टॅप काढून, फिरवून बसवा.

काळी वायर फ्यूजबॉक्सजवळच्या, थेट बॉडीत गेलेल्या बोल्टखाली लग लावून कसायची. बोल्टवर रंग किंवा प्लॅस्टिक असेल तर कनेक्शन कच्चं राहतं आणि कॅमेरा मधूनच रीस्टार्ट होत राहतो. वरच्या वायरीचा मार्ग छताच्या कडेने आणि काचेशेजारच्या खांबातून खाली येतो. त्या खांबात कर्टन एअरबॅग असेल, तर वायर तिच्या पुढून कधीच जाऊ नये, मागूनच जावी. एअरबॅग फुटताना मध्ये वायर आली तर ती भिरकावली जाते किंवा बॅग नीट उघडत नाही. हा खांब उघडायचं काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडेच द्यावं, आणि गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घ्यावं.

सगळं बसल्यावर खरा करंट मोजून घ्या. टॅपमधला पिवळ्या वायरीचा छोटा फ्यूज काढायचा, मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालायची आणि दोन्ही टोकं त्या फ्यूजच्या जागी लावायची. गाडी लॉक करून कॅमेरा पार्किंग मोडमध्ये गेला की जो आकडा स्थिर दिसेल, तो तुमच्या हिशेबातला ०.३ च्या जागचा आकडा. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी व्होल्टेज लिहून ठेवा. १२.५ च्या आसपास टिकलं तर सेटिंग जमलं. सोमवारी १२.५, बुधवारी १२.४, शुक्रवारी १२.३ अशी घसरण दिसली तर टायमरचे दोन तास कमी करा आणि पुन्हा पाहा.

गाडी आठ-दहा दिवस हलणार नसेल, दिवाळीत गावी जायचं असेल, तर कटऑफवर विसंबून राहू नये. कॅमेरा तोडल्यानंतरही गाडीचा स्वतःचा वापर चालूच राहतो, आणि तो अर्ध्या बॅटरीवर चालतो. निघण्याआधी पिवळ्या वायरीचा फ्यूज काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावा.