न मिटणारी फट

1829 साली जर्मन गणिती डिरिक्ले यांनी एका लेखाच्या शेवटी जाता जाता एक विचित्र फलन मांडलं. x ही संख्या परिमेय असेल, म्हणजे 3/7 सारखी दोन पूर्णांकांच्या भागाकारात लिहिता येत असेल, तर एक ठरावीक किंमत घ्यायची. अपरिमेय असेल, √2 सारखी, तर दुसरी. आज आपण या किंमती 1 आणि 0 घेतो. लेखाचा विषय वेगळा होता, पण डिरिक्ले यांना या उदाहरणातून एक गोष्ट ठासून सांगायची होती: प्रत्येक फलनाचं समाकलन करता येईलच, असं गृहीत धरू नका.

समाकलन म्हणजे, सोप्या भाषेत, आलेखाखालचं क्षेत्रफळ. ते नेमकं कधी अस्तित्वात असतं, याची काटेकोर अट बर्नहार्ट रीमान यांनी 1854 मध्ये दिली. 1875 मध्ये फ्रान्सच्या दार्बू यांनी तीच कल्पना वरच्या आणि खालच्या बेरजांच्या रूपात मांडली. समजायला ती जास्त सोपी आहे, म्हणून तिनंच पुढे जाऊ.

आधी एक सरळ उदाहरण घेऊ. f(x) = x या फलनाचा 0 ते 1 मधला आलेख म्हणजे तिरकी रेघ, आणि तिच्याखालच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ 1/2. हे उत्तर माहीत नाही असं समजू. 0 ते 1 या अंतराचे दहा सारखे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावर एक उभा आयत काढायचा, त्याची उंची त्या तुकड्यातल्या फलनाच्या सर्वांत मोठ्या किमतीइतकी. पहिल्या आयताची उंची 0.1, दुसऱ्याची 0.2, शेवटच्याची 1. सगळ्यांची रुंदी 0.1. क्षेत्रफळांची बेरीज 0.55 येते. ही वरची बेरीज. खरं क्षेत्रफळ हिच्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. आता उंची सर्वांत लहान किमतीइतकी घ्या: 0, 0.1, … 0.9. बेरीज 0.45. ही खालची, खरं क्षेत्रफळ हिच्यापेक्षा कमी असू शकत नाही. म्हणजे उत्तर 0.45 आणि 0.55 यांच्यामध्ये अडकलं. शंभर तुकडे केले तर ते 0.495 आणि 0.505 यांच्यामध्ये अडकतं. दोन बेरजांमधली फट 0.1 वरून 0.01 वर आली, आणि तुकडे वाढवू तशी ती हवी तितकी लहान करता येते. फट अशी मिटत जाते तेव्हाच रीमान यांच्या अर्थानं समाकलन आहे असं म्हणतात, आणि ती ज्या एकमेव संख्येवर मिटते ती संख्या म्हणजे समाकलनाचं उत्तर.

हीच पद्धत आता डिरिक्लेंच्या फलनाला लावू. पुन्हा 0 ते 1, पुन्हा दहा तुकडे. पहिल्या तुकड्यात, 0 ते 0.1 मध्ये, 1/20 ही परिमेय संख्या आहे, म्हणून तिथली सर्वांत मोठी किंमत 1. त्याच तुकड्यात √2/20, म्हणजे सुमारे 0.0707, ही अपरिमेय संख्याही आहे, म्हणून सर्वांत लहान किंमत 0. बाकीच्या नऊ तुकड्यांत हेच. वरची बेरीज 0.1 गुणिले 1, असं दहा वेळा, म्हणजे 1. खालची बेरीज 0. फट पूर्ण एककाची.

तुकडे आणखी बारीक केले तर? इथेच सगळी गंमत आहे. तुकडा कितीही अरुंद असो, त्यात दोन्ही प्रकारच्या संख्या सापडतातच. 0.414 ते 0.415 हा चिमुकला तुकडा घ्या: त्यात 0.4145 आहे, जी परिमेय आहे. आणि √2 − 1, म्हणजे 0.41421…, तीही आहे, जी अपरिमेय आहे. हा योगायोग नाही. 0 पासून निघून तुकड्याच्या रुंदीपेक्षा लहान अशा सारख्या पावलांनी चालत गेलात, तर तुकडा ओलांडण्याआधी एक पाऊल त्याच्या आत पडणारच. पाऊल तुकड्याहून लहान असल्यानं त्याला तो चुकवता येत नाही. पाऊल 1/n घेतलं तर आत पडणारी संख्या परिमेय. पाऊल √2/n घेतलं तर अपरिमेय. म्हणून दहा लाख तुकडे करा, सारखे करा किंवा वेडेवाकडे, वरची बेरीज म्हणजे सगळ्या रुंदींची बेरीज, नेमकी 1. आणि खालची नेमकी 0. फट तसूभरही कमी होत नाही.

एक फसवणूक इथे हमखास होते. प्रत्येक तुकड्यातला मधला बिंदू घेऊन बेरीज केली, तर समान तुकड्यांचे मधले बिंदू परिमेयच असल्यामुळे उत्तर दर वेळी 1 येतं. संगणकाला आकडेमोड करायला सांगितली तरी तो 1 च देईल, कारण त्याच्या नेहमीच्या पद्धतीत साठवलेली प्रत्येक संख्या परिमेय असते. उत्तर ठाम दिसतं, पण ते फलनाचं नसून आपण निवडलेल्या बिंदूंचं असतं. अपरिमेय बिंदू निवडले तर तीच बेरीज 0 होते. वरची आणि खालची बेरीज सोबत काढली की ही फसवणूक लगेच उघडी पडते.

फलन जागोजागी तुटलेलं आहे म्हणून हे घडतं, असं वाटणं साहजिक आहे, पण कारण तेवढंच नाही. टोमे यांचं फलन बघा: अपरिमेय संख्येला 0, आणि p/q या संक्षिप्त अपूर्णांकाला 1/q. तेही प्रत्येक परिमेय बिंदूवर तुटतं, तरी त्याचं समाकलन होतं आणि उत्तर 0 येतं. का? 0 ते 1 मध्ये छेद 10 किंवा त्याहून लहान असलेले अपूर्णांक फक्त 33 आहेत. प्रत्येकाला 1/1000 रुंदीच्या तुकड्यात बंदिस्त केलं, तर त्या तुकड्यांचा वरच्या बेरजेतला वाटा 0.033 पेक्षा जास्त होत नाही. उरलेल्या भागात उंची 1/11 च्या वर जात नाही. एकूण बेरीज 0.124 पेक्षा कमी. छेदाची मर्यादा वाढवली आणि तुकडे पुरेसे अरुंद केले की ती हवी तितकी खाली आणता येते. डिरिक्लेंच्या फलनात असे बंदिस्त करण्याजोगे मोजके बिंदू नसतात. तिथे प्रत्येक परिमेय बिंदूची उंची पूर्ण 1 आहे.

मग सगळेच परिमेय बिंदू अरुंद तुकड्यांत कोंडता येतील का? तुकड्यांची संख्या मर्यादित असेल तर नाही. त्यांची एकूण रुंदी 1 पेक्षा कमी असेल, तर कुठेतरी मोकळी जागा उरेल, आणि त्या जागेतही परिमेय संख्या असणारच. पण अनंत तुकडे वापरायची मुभा मिळाली तर चित्र पालटतं. परिमेय संख्यांची 0, 1, 1/2, 1/3, 2/3, 1/4, 3/4 अशी यादी करता येते. पहिलीला 1/200 रुंदीचा तुकडा द्या, दुसरीला त्याच्या निम्मा, तिसरीला त्याच्याही निम्मा. सगळ्या परिमेय संख्या झाकल्या जातात आणि एकूण रुंदी 1/100 भरते. 1/100 च्या जागी हवी तितकी लहान संख्या घेता येते. 1902 मध्ये फ्रेंच गणिती लबेग यांनी नेमकी ही मुभा दिली, आणि त्यांच्या व्याख्येप्रमाणे डिरिक्लेंच्या फलनाचं समाकलन 0 आहे.