विक्रीचं श्रेय नेमकं कुणाचं?

समजा, पैठण्या ऑनलाइन विकणारं एक दुकान आहे. महिन्याला ६०,००० रुपये इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर जातात. दुकानाचं नाव गुगलवर शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या जाहिरातींवर १६,००० जातात. शेवटचा क्लिक कुठून आला एवढंच पाहिलं, तर इन्स्टाग्रामच्या खात्यात ३० ऑर्डरी पडतात आणि गुगलच्या खात्यात ८०. म्हणजे एक ऑर्डर तिकडे २,००० रुपयांना पडली, इकडे २०० ला. मालक लगेच म्हणणार, इन्स्टाग्राम बंद करा!

पण पैठणी अशी एका क्लिकवर विकली जात नाही. बाई इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहून दुकानाच्या साइटवर येते, बहिणीला फोटो पाठवते, आठवड्याने दुकानाचं नाव गुगलवर टाकते आणि मग ऑर्डर देते. ऑर्डरीच्या वाटेवर शेवटची जागा सोडून कुठेही एखादं माध्यम आलं, की त्याच्या नावे एक ‘असिस्ट’ लागते. या असिस्टना शेवटच्या क्लिकच्या ऑर्डरींनी भागलं की असिस्ट रेशो मिळतो. आपल्या दुकानात इन्स्टाग्रामच्या असिस्ट ९० असतील, तर रेशो ३ येतो. गुगलच्या २० असतील, तर ०.२५. रेशो १ च्या वर गेला, तर ते माध्यम बहुतेक वेळा आधीच्या टप्प्यात काम करतं. शून्याजवळ आला, तर ते सौदा पुरा करतं.

आकडा वाचताना मात्र जपून. असिस्ट वाटेच्या मध्यावरचीही असू शकते. सुरुवात कुणी केली, हे पाहायला पहिल्या क्लिकच्या ऑर्डरी वेगळ्या काढाव्या लागतात. एकाच ऑर्डरीची असिस्ट दोन-तीन माध्यमांना मिळते, म्हणून त्यांची बेरीज करू नये. आणि जाहिरात नुसती पाहिली, क्लिक केली नाही, तर ती या हिशेबात सहसा येतच नाही.

सगळ्यात मोठी मर्यादा वेगळीच आहे. कोण कुठे उभं होतं हे रेशो सांगतो. ते नसतं तर विक्री झाली असती का, हे सांगत नाही. ईबेने २०१२ साली काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावावरच्या जाहिराती थांबवल्या. तेव्हा जवळजवळ सगळे ग्राहक खालच्या फुकटच्या लिंकवरून साइटवर आलेच. लहान दुकानाच्या नावावर स्पर्धक जाहिरात देत असेल, तर असं होईलच असं नाही.

म्हणून बजेट हलवण्याआधी छोटी चाचणी घ्यावी. काही जिल्ह्यांत नावावरची जाहिरात महिनाभर बंद ठेवावी, तशाच दुसऱ्या जिल्ह्यांत चालू ठेवावी आणि दोन्हीकडच्या एकूण ऑर्डरी ताडून पाहाव्यात. फरक पडला नाही, तर त्या १६,००० तला बराचसा पैसा वाचतो. इन्स्टाग्रामचीही अशीच परीक्षा घ्यावी, पण जास्त दिवस. कारण तिथून सुरू झालेली खरेदी पुरी व्हायला वेळ लागतो.