नळी बदलली तरी उष्णता तेवढीच

बारावीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीनं मला पत्र पाठवलं. वर्गात तांब्याच्या उभ्या नळीतून चुंबक सोडून दाखवला होता, त्याबद्दल तिची शंका होती. ती तिच्याच शब्दांत देतो, कारण तिनं प्रश्न फार नेमका मांडला आहे.

‘सर, चुंबक नळीतून सावकाश खाली आला, ते डोळ्यांनी पाहिलं. पण घरी गणित मांडलं तर जुळेना. चुंबक हलतो म्हणून नळीत विभवांतर तयार होतं, त्यामुळे प्रवर्तित धारा वाहते आणि नळी तापते. उष्णता तयार होण्याचा दर V²/R. आता चुंबक तोच ठेवला, उंची तीच ठेवली, फक्त निम्मा रोध असलेली नळी घेतली. म्हणजे R निम्मा, उष्णता दुप्पट. मी चुंबक वर उचलताना मात्र तेवढंच काम केलं. मग ही जादा उष्णता आली कुठून? चुंबकातून म्हणावं, तर तो अजूनही पहिल्याइतक्याच टाचण्या उचलतो. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इथे मोडतो का? ता. क. : आणि रोध शून्यच केला तर?’

चुंबकाबद्दल तिचं म्हणणं बरोबर आहे. या प्रयोगात चुंबक इंधनासारखा जळत नाही. तो नळीतून कितीही वेळा सोडला तरी त्याची साठवलेली ऊर्जा धारेत जात नाही. नळी तापते ती चुंबकाच्या उंचीच्या जोरावर, म्हणजे त्याच्या स्थितिज ऊर्जेवर. तेव्हा प्रश्न उरतो तो ‘दुप्पट’चा, आणि तो आकडे घालूनच पाहायला हवा.

चुंबक 20 ग्रॅमचा घेऊ. नळी एक मीटर लांब, 22 मिलिमीटर व्यासाची, एक मिलिमीटर जाडीची, वजन साधारण 600 ग्रॅम. मोकळ्या हवेत हा चुंबक एक मीटर अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. नळीत त्याला दहा सेकंद लागतात असं धरू. म्हणजे वेग सेकंदाला 10 सेंटिमीटर, आणि अगदी सुरुवातीचा क्षण सोडला तर तो वेग वाढत नाही. 20 ग्रॅम वस्तू एक मीटर खाली आली की जवळपास 0.2 ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. बाहेर पडताना चुंबकाकडे गतिज ऊर्जा असते फक्त 0.0001 ज्यूल. बाकी सगळी उष्णता होते : दहा सेकंदांत 0.2 ज्यूल, म्हणजे सेकंदाला 0.02 ज्यूल.

आता चुंबकाचा वेग वाढत नाही, याचा अर्थ नीट पाहू. वाढत नाही म्हणजे धारेचा वर ढकलणारा रेटा चुंबकाच्या वजनाइतकाच आहे. हा रेटा कशावर ठरतो? नळीत किती धारा फिरते आहे त्यावर. चुंबक 20 ग्रॅमचा असेल तर त्याला तोलायला एक ठरावीक धारा लागणार, मग नळी तांब्याची असो की ॲल्युमिनियमची. या प्रयोगात ठरलेली असते ती धारा. विद्यार्थिनीनं विभवांतर ठरलेलं धरलं, आणि तिथेच हिशेब फिरला.

तिची निम्म्या रोधाची नळी घेऊ. धारा तेवढीच हवी आणि रोध निम्मा, तर निम्म्या विभवांतरात काम भागतं. विभवांतर चुंबकाच्या वेगातून येतं, म्हणून वेगही निम्मा पुरतो. चुंबक आता सेकंदाला 5 सेंटिमीटर सरकतो आणि त्याला वीस सेकंद लागतात. V निम्मं झालं म्हणजे V² पाव झाला; त्याला निम्म्या R नं भागलं की उष्णतेचा दर येतो आधीच्या निम्मा, सेकंदाला 0.01 ज्यूल. वीस सेकंदांत किती? 0.2 ज्यूल. ॲल्युमिनियमची तेवढ्याच मापाची नळी घ्या. तिचा रोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट असतो. चुंबक सहा-सव्वासहा सेकंदांत बाहेर येईल, नळी दर सेकंदाला जास्त तापेल, आणि बेरीज पुन्हा 0.2 ज्यूलच भरेल.

मग नळी हाताला गरम का लागत नाही? 600 ग्रॅम तांबं एक अंशानं तापवायला साधारण 230 ज्यूल लागतात. आपल्याकडे आहे 0.2 ज्यूल. तापमान वाढतं एका अंशाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. नळीभर एक अंश वाढवायचा तर चुंबक हजाराहून जास्त वेळा सोडावा लागेल, आणि तोही मधल्या वेळात नळी निवू न देता.

लेंझच्या नियमातलं ते ऋण चिन्ह मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात, याचं मला वाईट वाटतं. याच चुंबकावर ते उलटं करून पाहा. धरून चला की प्रवर्तित धारा चुंबकाला अडवण्याऐवजी खाली ओढते. वेग वाढला की धारा वाढणार, धारा वाढली की ओढ वाढणार. आपल्याच आकड्यांनी हिशेब केला तर वेग दर शतांश सेकंदाला सुमारे पावणेतीन पट होतो. सेकंदाला 10 सेंटिमीटरवरून निघालेला चुंबक सेकंदाच्या विसाव्या भागात सेकंदाला 15 मीटर गाठेल, नळीही तापत राहील, आणि दोन्हींची किंमत कुणीच चुकती केलेली नसेल. नियम खरोखर मोडला असता तर असं दिसलं असतं. चिन्ह बरोबर असल्यामुळे तोच शतांश सेकंद उलटा कामाला येतो : नळीत शिरल्यावर काही शतांश सेकंदांतच चुंबकाचा वेग स्थिर होतो.

हे सगळं कागदावरच मानायची गरज नाही. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. त्यावर लाकडाचा उंच ठोकळा ठेवा, म्हणजे चुंबक काट्याच्या लोखंडी भागांपासून लांब राहील. ठोकळ्यावर नळी उभी करून काटा शून्यावर आणा आणि वरून चुंबक सोडा. चुंबक नळीला कुठेही टेकलेला नाही, तरी तो आत उतरत असताना काटा जवळपास 20 ग्रॅम दाखवतो. धारा चुंबकाला जेवढ्या बळानं वर ढकलते तेवढ्याच बळानं चुंबक नळीला खाली दाबतो. हे वजन तोलून धरणारी धारा चालू ठेवण्यातच उंचीची ऊर्जा खर्च होते.

आकडा पुष्कळ कमी आला आणि चुंबक भर्रकन निघून गेला, तर समजा की धारेची वाट कुठेतरी तुटली आहे. नळीला वरपासून खालपर्यंत उभी चीर पाडली की नेमकं हेच होतं. नळीला वळसा घालणारी धारा तुटते, धातूतल्या छोट्या भोवऱ्यांपुरतीच उरते, आणि चुंबक बराच वेगानं पडतो. विभवांतर मात्र चिरेच्या दोन्ही बाजूंना असतंच. नुसत्या विभवांतराला ऊर्जा खर्च होत नाही. ती लागते धारा वाहू लागल्यावर.

विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न एकेकाळी भौतिकशास्त्राच्या अगदी ऐरणीवर होता. फॅरेडेनं प्रवर्तन शोधलं 1831 मध्ये. सेंट पीटर्सबर्गच्या लेंझनं धारेच्या दिशेचा नियम प्रसिद्ध केला 1834 मध्ये. तेव्हा ऊर्जा अक्षय्यतेचा नियम कुणी मांडलेलाच नव्हता. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, तो तयार होत नाही, फक्त इकडून तिकडे जातो, असं मानणारे अनेक जण होते. बॅटरीच्या तारेतली उष्णता बॅटरीतल्या रसायनांतून आली असं म्हणता यायचं. पण प्रवर्तित धारेला रसायन कुठलं?

1843 मध्ये मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डचा, मद्यनिर्मात्याच्या घरातला चोवीस वर्षांचा जेम्स ज्यूल याच प्रश्नाला भिडला. त्यानं लोखंडी गाभ्यावर तारेचं वेटोळं गुंडाळलं, ते पाण्यानं भरलेल्या काचनळीत बसवलं आणि ती नळी विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये मिनिटाला 600 फेऱ्यांनी पाव तास फिरवली. पाणी किती तापलं ते मोजलं. मग हातानं फिरवण्याऐवजी आसाला दोऱ्या गुंडाळून वजनं टांगली आणि तेवढंच फिरवायला किती वजन किती खाली उतरावं लागतं ते पाहिलं. उष्णता कुठून सरकत आलेली नव्हती, ती वजन उतरण्याच्या बदल्यात तयार होत होती. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला 838 पौंड वजन एक फूट उतरावं लागतं, असा आकडा त्याला मिळाला. आजचा आकडा 778 च्या आसपास आहे. तापमानातला इतका बारीक फरक मोजून, हवेत निसटणाऱ्या उष्णतेचा अंदाज करून काढलेला आकडा इतका जवळ यावा, याचं मला आजही नवल वाटतं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या सभेत त्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. चार वर्षांनी, 1847 मध्ये, हेल्महोल्ट्झनं वाट उलटीकडून चालून दाखवली : ऊर्जा टिकते एवढं धरलं, तर प्रवर्तन व्हायलाच हवं.

आता तिचा ताजा कलम, रोध शून्य केला तर? V²/R मध्ये शून्यानं भागायचं म्हणून ती घाबरली असावी. पण ठरलेली आहे ती धारा. रोध शून्य असेल तर ती धारा टिकवायला विभवांतर लागतच नाही, म्हणजे चुंबकानं हलायचीही गरज नाही. कॅमरलिंग ओनेस यांना 1911 मध्ये पारा अतिथंड केल्यावर त्याचा रोध नाहीसा झालेला आढळला. आज द्रव नायट्रोजननं गार केलेल्या अतिवाहक चकतीवर चुंबक अधांतरी ठेवून दाखवणं पुष्कळ प्रयोगशाळांत होतं. सोडल्यावर चुंबक किंचित खाली येतो. तेवढ्या उंचीची ऊर्जा धारेच्या चुंबकीय क्षेत्रात साठते. मग तो तिथेच थांबतो. धारा वाहत राहते, उष्णता शून्य असते, आणि उरलेल्या उंचीची ऊर्जा अजून चुंबकाकडेच असते.