शिल्लक पुष्टीपत्र

शिल्लक पुष्टीपत्र (बोलीत ‘बॅलन्स कन्फर्मेशन’) म्हणजे एका व्यापाऱ्याने आपल्या ग्राहकाला किंवा पुरवठादाराला पाठविलेले असे पत्र, ज्यात विशिष्ट तारखेस आपल्या पुस्तकांत त्याच्या खात्यावर किती शिल्लक दिसते हे कळवून त्यास दुजोरा मागितलेला असतो. भारतात ही पत्रे मुख्यतः ३१ मार्चच्या शिलकेसाठी निघतात. लेखापरीक्षणासाठी पत्र पाठविले असल्यास उत्तर थेट लेखापरीक्षकाच्या पत्त्यावर जाणे अपेक्षित असते. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या ५०५ क्रमांकाच्या लेखापरीक्षण मानकात या पद्धतीचे विवेचन आहे.

पत्राचे वाचन

प्रथम तारीख पाहावी, रक्कम नंतर. ३१ मार्चच्या शिलकेची तुलना पत्र हाती पडले त्या दिवशीच्या शिलकेशी केल्यास फरक निघणारच. त्यानंतर बाजू पाहावी. पत्र पाठविणाऱ्याच्या पुस्तकात जी रक्कम ‘नावे’ असते, ती आपल्या खतावणीत त्याच्या खात्यावर ‘जमा’ असते. पुरवठादाराने ‘आपल्या नावे अमुक रक्कम’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ तितकी रक्कम आपण त्याला देणे लागतो. नवशिक्या कारकुनाचा येथे हमखास गोंधळ उडतो. शिवाय एकच पेढी आपली ग्राहकही असेल आणि पुरवठादारही, तर पत्र एका खात्याचे आहे की दोन्ही खात्यांच्या वजाबाकीचे, हे तपासावे लागते.

उदाहरण

मुळशी तालुक्यातील पिरंगुट येथे यंत्रांचे सुटे भाग बनविणारा एक लहान कारखाना कल्पावा. भोसरीच्या पुरवठादाराकडून त्यास पत्र येते: ३१ मार्च रोजी आपल्या नावे ४,८६,२०० रुपये. कारखान्याच्या खतावणीत मात्र त्या पुरवठादाराच्या खात्यावर ४,०२,७०० रुपयेच जमा आहेत. फरक ८३,५०० रुपयांचा.

अशा वेळी पुरवठादाराकडून वर्षाचा खातेउतारा मागवून तो आपल्या खात्याशी नोंदीगणिक ताडून पाहतात. आरंभ मार्चच्या अखेरच्या आठवड्यापासून करणे सोयीचे, कारण बहुतेक फरक तेथेच सापडतात. या उदाहरणात ३० मार्चचे ५९,००० रुपयांचे बीजक पुरवठादाराने लगेच लिहिले. माल पिरंगुटला २ एप्रिलला पोहोचला. कारखान्याने ३० मार्चला पाठविलेला २०,००० रुपयांचा धनादेश पुरवठादाराने ३ एप्रिलला जमा धरला. हे दोन्ही केवळ कालावधीचे फरक होत. मात्र मालाच्या बाबतीत खरेदीच्या अटी वाचाव्या लागतात. माल कारखान्यात पोहोचता करण्याची अट असेल, तर ३१ मार्चला देणे उत्पन्न झालेले नाही. पुरवठादाराच्या गोदामातून निघताच मालकी बदलत असेल, तर वाटेतला तो माल आणि त्याचे देणे दोन्ही त्याच वर्षात दाखविणे भाग आहे. येथे पहिली अट गृहीत धरू.

आता ४,५०० रुपये उरतात. उरलेल्या फरकास नऊने निःशेष भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याची शंका घ्यावी, असा जुन्या जमाखर्चनिसांचा आडाखा आहे. शोधता असे आढळते की ४७,२०० रुपयांचे एक बीजक ४२,७०० रुपये असे लिहिले गेले. ही कारखान्याची स्वतःची चूक असल्याने दुरुस्तीची नोंद करावी लागते आणि खतावणीतील शिल्लक ४,०७,२०० रुपये होते. पत्रातील रकमेतून वाटेतल्या मालाचे ५९,००० आणि धनादेशाचे २०,००० वजा केले, तरी हाच आकडा येतो. उत्तरात ‘मान्य’ असे न लिहिता आपली शिल्लक आणि या दोन फरकांचे मेळपत्रक द्यावे. ताळमेळ बसविण्यासाठी आपला आकडा समोरच्याच्या आकड्याइतका करून टाकणे हा मेळ नव्हे.

फरक नसणे हाही निर्दोषतेचा पुरावा नाही. दोन चुका परस्परांना झाकू शकतात. ‘पंधरा दिवसांत हरकत न आल्यास शिल्लक मान्य समजू’ अशा स्वरूपाच्या पत्राचे पुराव्याचे मूल्य तर आणखी कमी, कारण मौन हे संमतीचे असते तसेच पत्र न उघडल्याचेही असते. आपले येणे कमी दाखविले तर पुरवठादार तत्काळ तक्रार करतो. जास्त दाखविले तर क्वचितच.

सहीचा कायदेशीर परिणाम

मुदत अधिनियम १९६३ च्या कलम १८ नुसार, मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी व सही करून देणे कबूल केल्यास त्या सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची आहे. म्हणून वादग्रस्त जुन्या बीजकासह आलेल्या पुष्टीपत्रावर न वाचता सही केल्यास मुदतबाह्य होऊ घातलेले देणे आणखी तीन वर्षे जिवंत राहू शकते. मुदत आधीच उलटून गेली असेल, तर नुसत्या कबुलीने या कलमाखाली ती पुन्हा सुरू होत नाही. वादातील बीजकाचा क्रमांक व रक्कम सहीच्या वर स्पष्ट लिहून, तेवढी रक्कम मान्य नसल्याचे नमूद करण्याची प्रथा याच कारणाने आहे.